काय सांगू बाप्पा, कापूस ठेवायला जागाच नाही!

डिसेंबर महिना. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव किंवा घाटंजीकडच्या कुठल्याही गावाचा व्हॉट्सअॅप गट. सकाळची 'शुभ प्रभात' उरकलेली, हरवलेल्या म्हशीचा फोटो येऊन गेलेला, आणि मग एक पोस्ट पडते. नमुना म्हणून तिचा मजकूर असा धरू या : "काय सांगू बाप्पा, यंदा लय तकलीफ आहे. एकरी चौदाचा उतारा आला, कापूस ठेवायला जागाच नाही. दोन खोल्या भरल्या, आता बैठकीत ढीग लावला. नवी गाडी पोर्चातून बाहेर काढावी लागली, उन्हात तिचा रंग जाऊन राहिला. शेतकऱ्याचं जिणंच असं!"

सोबत फोटो. मजकूर कापसाचा, पण फोटोत पुढे गाडी, मागे ढीग. गाडीला झेंडूचा हार अजून तसाच आहे.

गटातले दोनशे लोक हे वाचतात. त्यातल्या निम्म्यांना ठाऊक आहे की कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल हाती लागले तरी माणूस देवाला नारळ फोडतो. चौदाचा उतारा म्हणजे विहीर, ठिबक, वेळेवर खत, वेळेवर मजूर आणि वर पावसाची मेहेरबानी. तेव्हा 'तकलीफ' हा शब्द वाचून कुणाचाही हात डोळ्यांकडे जात नाही. तो जातो पडद्याकडे, फोटो मोठा करून गाडीचं मॉडेल बघायला.

ही आडून मारलेली फुशारकी. सरळ बढाईला लाज वाटते, गप्प बसवत नाही, म्हणून मोठेपणाला रडण्याचं किंवा नम्रतेचं धोतर नेसवून गटात पाठवून द्यायचं. हा प्रकार नवा नाही, पण त्याचे नमुने गोळा करण्याचं श्रेय अमेरिकेतल्या हॅरिस विटल्स नावाच्या विनोदी लेखकाला जातं. दूरचित्रवाणी मालिका लिहिणाऱ्या या माणसाने २०१० मध्ये ट्विटरवर 'हम्बलब्रॅग' नावाचं खातं उघडलं. काम अगदी सोपं : नामवंतांनी नम्रतेचा आव आणून लिहिलेलं जे काही दिसेल ते उचलायचं आणि जसंच्या तसं पुन्हा लोकांपुढे ठेवायचं. टीका नाही, टिप्पणीही फारशी नाही. एकट्याने वाचताना साधं वाटणारं वाक्य तसल्याच पन्नास वाक्यांच्या रांगेत उभं राहिलं की स्वतःच स्वतःची चहाडी करतं, हे त्याने ओळखलं होतं. २०१२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. २०१५ मध्ये, जेमतेम तिशीत, तो वारला. त्याच्या खात्यात कापूस नव्हता, विमानतळ आणि पुरस्कार होते. बाकी माल तोच.

पुढे हा विषय प्रयोगशाळेत गेला. ओवुल सेझर, फ्रान्सिस्का जीनो आणि मायकेल नॉर्टन या तिघांचा निबंध २०१८ मध्ये मानसशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात छापून आला. त्यांनी या फुशारकीचे दोन वाण केले. एक तक्रारीच्या वेषातला : 'कंटाळा आला बाई'. दुसरा नम्रतेच्या वेषातला : 'माझ्यासारख्याला कसं काय निवडलं कोण जाणे'. लोकांना अलीकडे ऐकलेला नमुना आठवायला सांगितला, तर बहुतेकांना तो चटकन आठवला, आणि त्यात तक्रारीचा वाण जास्त निघाला.

त्यांचा एक प्रयोग जवळून बघण्यासारखा आहे. एकाच माणसाच्या तोंडी तीन वाक्यं घातली आणि ती वेगवेगळ्या लोकांना दाखवली. पहिलं : मला फार कंटाळा आलाय. दुसरं : लोक मला मॉडेल समजतात. तिसरं : लोक मला मॉडेल समजतात याचा मला फार कंटाळा आलाय. पहिली निव्वळ तक्रार, दुसरी निव्वळ बढाई, तिसरी दोन्हींची खिचडी. लिहिणाऱ्याचा हिशेब असा असतो की तक्रारीमुळे लोक हळहळतील, बढाईमुळे दबतील, म्हणजे एका तिकिटात दोन खेळ. प्रत्यक्षात खिचडीवाला सगळ्यात कमी आवडला. रडणारा बरा वाटला, सरळ बढाई मारणाराही त्याच्यापेक्षा बरा ठरला. कारण विचारलं तर उत्तर एकच : हा माणूस खरं बोलत नाही. आणि दोन वाणांत तक्रारीचा वाण नम्रतेच्या वाणापेक्षाही जास्त खुपला.

याच निबंधात नोकरीच्या मुलाखतीतला तो सुप्रसिद्ध प्रश्न आहे : तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता? चारांतल्या तिघांनी जे सांगितलं ते दोष नव्हतेच. मी फार काटेकोर आहे, मी कामात स्वतःला विसरतो, माझा स्वभावच मेला सगळ्यांना मदत करण्याचा. उरलेल्या एका भाबड्याने खरंच सांगून टाकलं की कामं शेवटच्या दिवसापर्यंत लांबतात. उत्तरं तपासणाऱ्यांना घ्यावासा वाटला तो हा भाबडाच. (या तिघांपैकी जीनोबाईंवर पुढे त्यांच्या दुसऱ्या काही निबंधांतल्या आकडेवारीत फेरफार केल्याचा आरोप झाला आणि २०२५ मध्ये हार्वर्डने त्यांची कायम नेमणूक काढून घेतली. आरोप त्यांना मान्य नाही. प्रामाणिकपणावर संशोधन करणाऱ्या विदुषीवर अशी वेळ यावी, यावर विटल्सने काय लिहिलं असतं ते कळायला मार्ग नाही.)

अमेरिकेतल्या अनोळखी लोकांवर केलेला हा प्रयोग राळेगावला तसाच्या तसा लागू करता येणार नाही, हे उघड आहे. तिथे वाचणाऱ्याला लिहिणारा कोण ते ठाऊक नव्हतं. इथे वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याच्या सातबाऱ्यावरचा बोजासुद्धा ठाऊक असतो. पण तक्रारीचा वेष जास्त का खुपतो, याचं उत्तर या जिल्ह्यात प्रयोगशाळेपेक्षा स्पष्ट दिसतं. इथे तक्रार ही रोजची खरी भाषा आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली आणि त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातली माणसं दगावली. शेतकरी आत्महत्यांची बातमी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला यवतमाळ आठवतं. अशा ठिकाणी 'शेतकऱ्याचं जिणंच असं' या तीन शब्दांना वजन आहे आणि ते वजन दुसऱ्या कुणीतरी भरून ठेवलेलं आहे. ते नव्या गाडीच्या फोटोखाली वापरलं की वाचणाऱ्याला आपल्या खात्यातले पैसे परस्पर काढल्यासारखं वाटतं. गाडीबद्दल कुणाची ना नाही. घेतली ना, पेढे आणा!

आता ओळखायचं कसं? त्याच हंगामातली दुसरी पोस्ट शेजारी ठेवली की पुरे. "सीसीआयच्या केंद्रावर मंगळवारपासून गाडी उभी आहे. काल नंबर लागला तर ओलावा चौदा टक्के सांगून परत केलं. पिकअपचं भाडं अंगावर. कोणाकडे वाळवायला ताडपत्री असेल तर सांगा." ही खरी तक्रार. तिच्यातले तपशील अडचणीचे आहेत : वार, केंद्र, टक्का, भाडं. भारतीय कापूस महामंडळ आठ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देतं, बारापर्यंत भाव कापून घेतं आणि त्यावर घेतच नाही. त्यामुळे चौदा हा आकडा वाचताच वाचणाऱ्याला नुकसान कळतं. शेवटी मागणं आहे, आणि ते पुरवता येण्यासारखं आहे. दुपारपर्यंत कुणीतरी ताडपत्री देतो.

पहिल्या पोस्टमध्ये तपशील कुठे आहेत ते पाहावं. चौदाचा उतारा, दोन खोल्या, बैठक, पोर्च, नवी गाडी. आकडे आणि वस्तू सगळ्या वैभवाच्या बाजूला. अडचणीच्या बाजूला नुसती 'लय तकलीफ', तिला ना वार ना रक्कम. मागणं तर नाहीच. गावातल्या एखाद्या खट्याळ पोराने खाली लिहिलं की "काका, माझ्याकडे गोदाम रिकामं आहे, आज संध्याकाळी कापूस हलवू", तर काका गडबडतात. अडचण सुटणं हे त्यांच्या हिशेबात कुठेच नसतं.

ही उत्तराची परीक्षा सगळ्यात भरवशाची. खरी तक्रार करणारा अडचणीवर बोलणाऱ्याला उत्तर देतो, अभिनंदन करणाऱ्यावर चिडतो. आडून मिरवणारा उलटं करतो. "ताडपत्री हवी का" याला तो दोन दिवस उत्तर देत नाही, पण "कोणती गाडी घेतली भाऊ?" याला अर्ध्या मिनिटात देतो, आणि तेही कसं? "घेतली रे एक साधीशी, पोरं ऐकत नव्हती." लगोलग टॉप मॉडेलचं नाव.

नम्रतेच्या वाणाला साहित्य संमेलनाइतकी दुसरी सुपीक जमीन नाही. जानेवारी २०१९ मध्ये ब्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला झालं. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावरून मोठा गदारोळ झाला आणि शेवटी उद्घाटन केलं ते वैशाली येडे यांनी, जिल्ह्यातल्याच आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या एका स्त्रीने. व्यासपीठावर हे सगळं चाललं असताना मांडवाबाहेर जे चालतं ते प्रत्येक संमेलनात चालतं. निमंत्रण पत्रिकेचा फोटो, त्यात एका ओळीला लाल वर्तुळ, आणि वर मजकूर : "एवढ्या दिग्गजांच्या मांदियाळीत माझ्यासारख्या नवख्याचं नाव कसं आलं, अजून विश्वास बसत नाही." नवखे म्हणजे चार कवितासंग्रह आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. विश्वास बसत नाही म्हणावं, तर पोस्ट सहा गटांत गेलेली असते आणि वर्तुळ मोजून मापून, शेजारच्या नावाला न खेटता काढलेलं असतं.

पण इथे थोडं सांभाळायला हवं. मराठीतली सगळीच नम्रता या पिंजऱ्यात कोंडली तर आख्खा समाज आत जाईल. 'आपल्या आशीर्वादाने', 'खारीचा वाटा', 'गरिबाच्या घरी मीठभाकर खायला या' हे सगळं ठरलेलं बोलणं आहे. मीठभाकरीच्या आमंत्रणाला जाणारा श्रीखंड-पुरीच्या तयारीनेच जातो. यजमानाला ते ठाऊक असतं आणि पाहुण्यालाही. दोघांना ठाऊक असलेल्या गोष्टीत फसवणूक होत नाही, म्हणून ती कुणाला खुपतही नाही. 'ईश्वरकृपेने चिरंजीवाची निवड झाली' असं बापाने लिहिलं, तर ती सरळ बातमी आहे, देवाला फक्त साक्षीला घेतलंय. 'आमचा गाढव कसा काय निवडला गेला, परीक्षकांनाच विचारायला पाहिजे' असं लिहिलं, की वाचणाऱ्याची भुवई वर जाते. त्याच्याकडून आता एक काम काढून घ्यायचं असतं : नाही नाही, तुमचा मुलगा मुळीच गाढव नाही, हे त्याने स्वतःच्या हाताने टाइप करायचं असतं.

सरळ सांगायला मराठी माणूस बिचकतो, याचं एक कारण लहानपणीच कानावरून गेलेलं असतं. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणं सांगितली आहेत. त्यात आपली आपण स्तुती करणारा मूर्ख आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणाराही मूर्ख. समर्थांनी दोन्ही दारं लावल्यावर माणसाने जावं कुठून? तर खिडकीतून. शिवाय खेड्यात धन उघड करण्याची भीती वेगळी. उतारा चांगला आला हे पारावर कुणी मोठ्याने सांगत नाही. दृष्ट लागते, आणि दृष्टीपेक्षा आधी उसने मागणारे येतात. 'कसं काय पीक?' या प्रश्नाला 'आहे आपलं बरं' हेच वऱ्हाडी उत्तर पिढ्यान्‌पिढ्या पुरलं. ते लपवणं होतं. आताची पोस्ट लपवते आणि दाखवते, दोन्ही एका दमात, म्हणून अडखळते.

त्यातून चौकातल्या फ्लेक्सवाल्यांनी काढलेली वाट जास्त शहाणपणाची म्हणावी लागेल. दारव्हा असो की दिग्रस, बसस्थानकासमोर पंधरा फुटी भाऊ उभे असतात : धडाडीचे, गोरगरिबांचे कैवारी, भावी अमुक. खाली 'शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार'. पैसे कुणी दिले हे चहाच्या टपरीवरच्या पोराला विचारलं तरी कळतं, पण भाऊंनी स्वतःच्या तोंडाने एक शब्दही उच्चारलेला नसतो. यालाही प्रयोगाचा आधार आहे, हे फ्लेक्सवाल्याला कळलं तर तो भाव वाढवेल. जेफ्री फेफर, रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की माणसाची स्तुती त्याने स्वतः करण्यापेक्षा त्याच्या वतीने दुसऱ्याने केली तर माणूस जास्त आवडतो, आणि तो दुसरा पैसे घेऊन बोलतोय हे ठाऊक असलं तरी फारसं बिघडत नाही.

मग प्रश्न उरतो तो काकांच्या पोस्टखालच्या एकशे दहा अभिनंदनांचा. ती पाहून काकांना वाटतं, जमलं. इथेच लिहिणाऱ्याची नजर चुकते, आणि तीही मोजून झालेली आहे. आयरीन स्कोपेलिती, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि योआखिम व्होसगेराव यांच्या २०१५ च्या निबंधाचं सार असं : स्वतःबद्दल चांगलं सांगणारा माणूस समोरच्याला किती आनंद होईल याचा अंदाज फुगवून धरतो आणि त्याला किती वैताग येईल याचा अंदाज कमी धरतो. व्हॉट्सअॅपने हा गैरसमज पक्का करण्याची सोयच केली आहे, कारण आनंद दिसतो आणि वैताग दिसत नाही. अभिनंदन हा गटातला आहेर आहे. मागच्या महिन्यात तुम्ही आमच्या मुलीच्या निकालाखाली पुष्पगुच्छ टाकलात, म्हणून आम्ही तुमच्या गाडीखाली टाकला. वहीत नोंद, फिटंफाट. त्यावरून पोस्ट आवडली असा निष्कर्ष काढणं धाडसाचं आहे.

खरी प्रतिक्रिया दुसरीकडे उमटते. गावाच्या गटाशेजारी एक छोटा गट असतो, त्यात पाचसात जण. पोस्टचा स्क्रीनशॉट तिथे येतो आणि खाली एकच शब्द पडतो : "तकलीफ!" पुढचा महिनाभर तो शब्द चालतो. चहाला साखर जास्त पडली तर तकलीफ, सासऱ्याने फटफटी दिली तर लय तकलीफ. काका टपरीवर आले की सगळे एकदम पावसावर बोलू लागतात. दुसरी प्रतिक्रिया म्हणजे मुक्काम पोस्ट गप्प : निळी खूण उमटलेली, उत्तर नाही. ती बहुतेक त्या माणसाची असते ज्याची पिकअप मंगळवारपासून केंद्रावर उभी होती.

सगळ्या पोस्टचा निकाल मात्र असा चटकन लावता येत नाही. यवतमाळ शहरातल्या एखाद्या कॉलनीतल्या, निवृत्त दांपत्याच्या घरची पोस्ट घ्या : "दोन्ही मुलं अमेरिकेत, सुना गुणी, नातवंडं फोनवर इंग्रजीत बोलतात. एवढं मोठं घर बांधलं, आता वरचा मजला झाडायलासुद्धा जीवावर येतं. यंदाही दिवाळीला दोघंच." सगळी चिन्हं जुळतात. वैभवाचे तपशील आहेत, मागणं नाही, नातवंडांच्या इंग्रजीवर रडण्याचं कारण नाही. काकांच्या पोस्टला लावलेली कसोटी लावली तर ही पोस्ट सरळ नापास. पण वजाबाकी करून पाहिली तर घोटाळा होतो. कापसाच्या पोस्टमधली तकलीफ काढून टाकली की गाडी आणि कापूस जसेच्या तसे उरतात, काही बिघडत नाही. इथे मिरवणं काढून टाकलं तरी 'यंदाही दिवाळीला दोघंच' हे उरतंच, आणि ते खरं असतं. अभिमान आणि दुखणं एकाच माणसाचं, एकाच कारणाने आलेलं. मुलं अमेरिकेत आहेत म्हणूनच मान ताठ आणि म्हणूनच वरचा मजला रिकामा. नागपूरचं विमानतळ दीडशे किलोमीटरवर, त्यामुळे मुलांना सोडून परत येतानाचा रस्ता या दोघांना तोंडपाठ असतो. अशा पोस्टला ढोंग म्हणणाऱ्याने एकदा त्या रस्त्याने परत येऊन पाहावं, मग म्हणावं.

वाचणाऱ्यांनाही तो फरक कळतो, पण सगळ्यांना सारखा नाही. त्या पोस्टखाली पहिला लिहितो, "अभिनंदन काका, पोरांनी यवतमाळचं नाव काढलं." दुसरा लिहितो, "लक्ष्मीपूजन झालं की आम्ही चौघं येतो, काकूंना म्हणा चिवडा राखून ठेवा." काका दोघांनाही जोडलेल्या हातांचं तेच चित्र पाठवतात, फक्त दुसऱ्याला दोनदा. आणि तिसरा, जो कुठल्याच गटात कधी बोलत नाही, तो थेट फोन करतो : "काका, ते वरच्या मजल्याचं वाचलं. भाड्याने द्यायचा विचार आहे का? आमची मेहुणी मेडिकल कॉलेजला लागली."